अकरा टक्के आणि एक चुकीची तारीख

"ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत राहील."

एफवाय बीकॉमच्या एका अहवालातलं हे वाक्य. अहवाल माझ्या टेबलावर आला फेब्रुवारी 2025 मध्ये. म्हणजे लिहिणारीच्या दृष्टीने दहा-अकरा महिन्यांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट अजून व्हायची होती. मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं आणि पुढे वाचत गेले, तर चौथ्या प्रकरणात तिच्या काकांचं बोलणं आलं: "मे महिन्यात निर्यात उघडली, तोवर आमचा अर्धा कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला होता." एकाच अहवालात बंदी मार्चला संपते आणि मेमध्ये उठते. दोन्हींच्या खाली सही मात्र एकाच मुलीची.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात मराठी माध्यमाच्या तुकडीला व्यवसाय संप्रेषण शिकवते. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांनी अडीच हजार शब्दांचा व्यवसाय अहवाल लिहायचा असतो, त्याला 25 गुण. विषय बहुतेक घरचेच येतात. कुणी द्राक्षाची छाटणी आणि मजुरी घेतो, कुणी मामाचं किराणा दुकान. ही मुलगी निफाड तालुक्यातली, रोज एसटीने ये-जा करणारी. तिने घेतला होता 'निर्यात धोरणातील बदल आणि उन्हाळ कांद्याची साठवण'. विषय उत्तम होता. लासलगावचा बाजार तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि काकांची स्वतःची कांदाचाळ.

उचललेला मजकूर शोधणाऱ्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरने तिच्या अहवालाला 11 टक्के साम्य दाखवलं होतं. विभागात अलिखित समजूत अशी, की वीसच्या आत असेल तर पुढे जायचं. त्यामुळे ती निश्चिंत होती, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य दिसेपर्यंत मीही निश्चिंत होते.

आधी या 11 टक्क्यांत काय होतं ते बघू. अडीच हजारांतले साधारण पावणेतीनशे शब्द. त्यातले निम्म्याहून जास्त प्रमाणपत्राच्या आणि प्रतिज्ञापत्राच्या पानावरचे होते, जी पानं सगळ्या वर्गाची एकसारखीच असतात. उरलेल्यांत प्रश्नावलीचे ठरावीक प्रश्न आणि 'कांदा हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे नगदी पीक आहे' असं एक वाक्य, जे बहुधा कांद्यावरच्या प्रत्येक मराठी निबंधात असतं. दोष म्हणावा असं सॉफ्टवेअरने रंगवलेल्या भागात काहीही नव्हतं. दोष होता तो पांढऱ्या राहिलेल्या भागात.

दुसऱ्या प्रकरणातला हा परिच्छेद बघा, तिच्याच शब्दांत:

"देशांतर्गत उपलब्धता वाढवण्यासाठी आणि किमती आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत राहील. हे पाऊल ऑगस्टमध्ये लावलेल्या 40 टक्के निर्यात शुल्कानंतर आले आहे. व्यापारी सूत्रांच्या मते, या निर्णयाचा सर्वाधिक फटका महाराष्ट्रातील उत्पादकांना बसेल."

'हे पाऊल आले आहे' असं निफाडमध्ये कुणी बोलत नाही. पाऊल उचलतात, टाकतात, वाकडं पडतं; पण शुल्कानंतर पाऊल 'येतं' ते इंग्रजी बातमीत. 'व्यापारी सूत्रांच्या मते' याने तर उरलीसुरली शंका फिटली. ही सूत्रं तिला कुठे भेटली? चौथ्या प्रकरणात क्विंटलमध्ये बोलणारी मुलगी दुसऱ्या प्रकरणात मेट्रिक टनांत बोलत होती. तारीख आणि कांदा हे दोन शब्द इंग्रजीत टाकून शोधलं, तर थोड्याच वेळात मूळ लेख सापडला. डिसेंबर 2023 मधला, बंदी लागू झाली त्या सुमाराचा. दोन्ही शेजारी ठेवले. अकरा वाक्यं, त्याच क्रमाने, इंग्रजीतून मराठीत आलेली. अहवालात त्या लेखाचा उल्लेख कुठेही नव्हता. संदर्भसूचीत चार नोंदी होत्या: गूगल, विकिपीडिया, विविध वर्तमानपत्रे, आणि काका.

(गूगलला संदर्भ म्हणून लिहिणं म्हणजे भाजी कुठून आणली विचारल्यावर 'रिक्षातून' सांगण्यासारखं आहे. पण हे आम्ही वर्गात कधी नीट सांगितलेलं नव्हतं. आमच्या सूचनापत्रात एवढीच ओळ होती: 'शेवटी संदर्भसूची जोडावी.')

तिला बोलावलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली.

"मॅडम, मी कॉपी केलेली नाही. कॉपी-पेस्ट तर नाहीच. दोन रात्री डिक्शनरी घेऊन बसले होते. एकेक वाक्य मी स्वतः लिहिलंय."

आणि ते खरं होतं. या प्रकरणातली अवघड गोष्ट हीच. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी इंग्रजी मजकूर मराठीत आणणं हेच मोठं काम असतं. त्यात घाम गाळलेला असतो, आणि घाम गाळला की वस्तू आपली वाटायला लागते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाने तोच लेख उचलला असता तर सॉफ्टवेअरने पाच मिनिटांत पकडला असता, आणि आपण काय केलं हे त्यालाही ठाऊक असतं. हिने भाषेची भिंत ओलांडली होती, त्यामुळे पकडली गेली नाही आणि आपण काही उचललंय असं तिला वाटलंही नाही. आमच्याकडचं सॉफ्टवेअर अक्षरांच्या ओळी जुळवतं. इंग्रजी वाक्याचं मराठी झालं की जुळवायला त्याच्या हाती काही उरत नाही.

मी तिला विचारलं, "व्यापारी सूत्रांशी कोण बोललं?"

"त्या लेखातला पत्रकार."

"मग तुझ्या अहवालात ते तू बोललीस असं का दिसतंय?"

यावर ती गप्प झाली. शब्द कुणाचे यावरून भांडता येतं, पण फोन कुणी केले यावरून नाही. माहिती गोळा करणं, ती निवडणं, कशानंतर काय सांगायचं हे ठरवणं, आणि त्यातून 'फटका बसेल' असा अंदाज काढणं ही सगळी कामं दुसऱ्याने केली होती. तिने केलं होतं ते भाषांतर, आणि नेमका भाषांतराचाच उल्लेख अहवालात नव्हता.

माझ्या एका सहकाऱ्याने इथे रास्त मुद्दा काढला. आम्ही संदर्भांसाठी एपीए पद्धत, सातवी आवृत्ती, वापरतो. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्या भाषेतला मजकूर तुम्ही स्वतः भाषांतरित केला तर तो अवतरण धरला जात नाही, स्वशब्दांतली मांडणी धरला जातो. अवतरणचिन्हांची गरज नाही. मग ही मुलगी चुकली कुठे? चुकली ती दोन ठिकाणी. पहिलं, स्वशब्दांत मांडलं तरी लेखक आणि वर्ष द्यावंच लागतं, ते तिने दिलं नव्हतं. दुसरं, ही सवलत एखाद्या वाक्याला, फार तर एखाद्या परिच्छेदाला शोभते. सलग अकरा वाक्यांखाली कंसात नाव टाकलं तर चोरीचा आरोप टळेल, पण तो अहवाल तिचा होणार नाही. त्याला गुण द्यायचे कशाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा वाङ्मयचौर्यविषयक नियमही चर्चेत आला, कारण 'दहा टक्क्यांपर्यंत माफ' ही समजूत तिथूनच पसरली आहे. त्यात 10 टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य आणि पुढे 40, 60 अशा पायऱ्या आहेत हे खरं. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य वगळायचं, हेही त्यात आहे. पण तो नियम पदव्युत्तर व संशोधन पातळीच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशित लेखनासाठी आहे. वर्गातले असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या अहवालाचं काय करायचं हे कॉलेजनेच ठरवायचं. आमच्या विभागाने ठरवलं: दहा दिवसांत दुसरं प्रकरण नव्याने लिहायचं आणि पाच गुण कापायचे. सूचनापत्रातली ती एक ओळ पाहता यापेक्षा कडक होणं मला पटलं नसतं.

चौथ्या दिवशी ती नवं प्रकरण घेऊन आली. तोच परिच्छेद आता असा होता:

"देशातील कांद्याची उपलब्धता वृद्धिंगत करण्याच्या हेतूने व दर नियंत्रणात राखण्यासाठी शासनाने कांदा निर्यातीस 31 मार्च 2024 पर्यंत मनाई केली. तत्पूर्वी ऑगस्ट महिन्यात 40 टक्के निर्यात कर आकारण्यात आला होता. व्यापाऱ्यांच्या मते महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना याची सर्वाधिक झळ पोहोचेल."

खाली लेखकाचं नाव आणि वर्ष. जवळजवळ प्रत्येक शब्द बदललेला, सांगाडा जसाच्या तसा: आधी हेतू, मग बंदी, मग ऑगस्टचं शुल्क, मग झळ. याला इंग्रजीत पॅचरायटिंग म्हणतात. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अध्यापिकेने 1990 च्या दशकात हा शब्द रूढ केला. फसवणुकीपेक्षा हे शिकाऊ लेखकाचं लक्षण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. विषय पुरता पचलेला नसला की माणूस मूळ वाक्याचा हात सोडत नाही. नाशिकच्या वर्गात मला तरी हे पटतं.

शब्द बदलण्याच्या नादात दोन गोष्टी बिघडल्या होत्या. 'शुल्क'चा 'कर' झाला. निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य, अधिसूचना ही नावं ठरलेली आहेत. ती कुणाची शैली नाही, म्हणून ती तशीच वापरली तर चोरी होत नाही, आणि बदलली तर अर्थ घसरतो. आणि तारीख अजूनही चुकलेलीच. ती नुसती भूतकाळात गेली होती. काकांनी सांगितलेली मेची गोष्ट तिने घरात ऐकली होती, स्वतःच्या चौथ्या प्रकरणात लिहिलीही होती, तरी दुसरं प्रकरण लिहिताना समोर लेखच उघडा होता.

मग मी तिला स्टाफरूममध्ये बसवलं. लेख बंद केला. कोरा कागद दिला आणि म्हटलं, "यातलं तुला जेवढं आठवतंय तेवढं लिही. वाक्यं नको, नुसते मुद्दे."

तिने चार ओळी लिहिल्या. ऑगस्ट 2023, 40 टक्के. डिसेंबर 2023, बंदी. 31 मार्च. आणि शेवटी प्रश्नचिन्हासह: मे?

त्या प्रश्नचिन्हाने पुढचं काम सोपं केलं. लेख डिसेंबरमधला, त्याला मेची गोष्ट माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्याच्या मागे, मूळ कागदापर्यंत जाणं भाग होतं. निर्यातबंदीचा हुकूम काढतं विदेश व्यापार महासंचालनालय, आणि त्यांच्या अधिसूचना त्यांच्याच संकेतस्थळावर असतात. तिथे क्रम लागला. 8 डिसेंबर 2023 पासून बंदी, 31 मार्च 2024 पर्यंत. मार्चच्या 22 तारखेला ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. 4 मे रोजी बंदी उठली आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. त्याचबरोबर 40 टक्के शुल्क. पण शुल्क हा अर्थ मंत्रालयाचा विषय, महासंचालनालयाचा नाही. त्यामुळे 4 मेच्या त्या एका वाक्याला दोन संदर्भ लागतात. एकच दिला असता तर तपासायला गेलेल्या माणसाला तिथे अर्धीच गोष्ट सापडली असती.

"आता सांग," मी विचारलं, "या तारखा तुझ्या अहवालाला कशासाठी हव्यात?"

ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. काकांनी चाळ भरली तेव्हा निर्यात कधी उघडणार हेच माहीत नव्हतं."

हे वाक्य त्या इंग्रजी लेखात नव्हतं, असणंही शक्य नव्हतं. तिसऱ्या वेळी आलेला परिच्छेद हा:

"उन्हाळ कांदा काढणीला येतो नेमक्या त्याच काळात, 2024 साली, निर्यातीचा नियम दोनदा बदलला. डिसेंबरमधली बंदी 31 मार्चला संपेल असे आधी जाहीर झाले होते (विदेश व्यापार महासंचालनालय, 2023). संपायला नऊ दिवस उरले असताना ती बेमुदत झाली (विदेश व्यापार महासंचालनालय, 2024अ). 4 मे रोजी ती उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (विदेश व्यापार महासंचालनालय, 2024ब) आणि 40 टक्के शुल्क (अर्थ मंत्रालय, 2024) लागू झाले. त्यामुळे एप्रिलमध्ये चाळ भरणाऱ्या शेतकऱ्याला आपला माल परदेशी जाईल की नाही याचा अंदाज घेता येत नव्हता."

शेवटच्या वाक्याला संदर्भ नाही, आणि तो नसायलाच हवा. तो तिचा निष्कर्ष आहे. एकाच कार्यालयाच्या एकाच वर्षातल्या दोन अधिसूचना असल्यामुळे 2024 ला अ आणि ब लावावं लागलं. सूचीतही तेच अ आणि ब दिसलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला कुठला कागद उघडायचा ते कळत नाही. मूळ लेखही तिने काढून टाकला नाही. 'महाराष्ट्रातील उत्पादकांना सर्वाधिक फटका बसेल, असा अंदाज तेव्हा व्यापाऱ्यांनी एका पत्रकाराकडे व्यक्त केला होता' असं लिहून त्याचं नाव आणि वर्ष दिलं. अंदाज कुणाचा, कुणाकडे बोलला गेला, कधीचा, हे आता तिथे दिसत होतं. गंमत म्हणजे तो लेख तिने वाचला याचं श्रेयही तिला आत्ता मिळालं. आधी लपवल्यामुळे तेही गेलं होतं.

अजून एक जागा राहिली होती. तिसऱ्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, "चाळीत 30 ते 40 टक्के कांदा खराब होतो." संदर्भ नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे."

चाळीत कांदा सडतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्याला संदर्भ मागणाऱ्याला मी वेडा समजेन. पण 30 ते 40 हा आकडा कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कांद्याचा मोजलेला असणार. तो कुठल्या जातीचा, किती महिन्यांचा, त्यात सड धरली की वाळून घटलेलं वजनही, हे त्या आकड्याबरोबर यायला हवं. तिने बराच शोध घेतला. एक बातमी दुसऱ्या बातमीकडे बोट दाखवत होती, आणि मोजणाऱ्यापर्यंत ती काही पोचली नाही. अशा वेळी 'अमुक बातमीत उद्धृत' असं लिहून तो आकडा वापरता येतो. मूळ अभ्यास वाचलाच नसेल तर त्याचं नाव थेट देणं म्हणजे न वाचलेल्याची फुशारकी. पण मी दुसरी वाट सुचवली: "काकांना विचार, भरला किती आणि निघाला किती."

काकांच्या वहीत होतं. एप्रिलमध्ये 100 क्विंटल भरला, सप्टेंबरपर्यंत 74 क्विंटल विकला. गेलेल्या 26 मध्ये सड, कोंब आणि वजनातली घट, सगळं एकत्र. एका चाळीचा, एका हंगामाचा आकडा. त्याने जिल्ह्याबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि तिने तसं लिहिलंही. पण तो कुठून आला हे तिला सांगता येत होतं.

त्यावरून सूचीतल्या 'काका' या नोंदीचं काय करायचं, हा प्रश्न आला. एपीएमध्ये व्यक्तिगत संवाद मजकुरातच नमूद करतात, सूचीत घालत नाहीत, कारण वाचणाऱ्याला तो उघडून बघता येत नाही. पण काका आणि आणखी चार शेतकरी यांच्याशी ती अहवालासाठी म्हणूनच बोलली होती, ठरलेले प्रश्न घेऊन. ते तिचे प्रतिसादक झाले. त्यांची माहिती म्हणजे तिने स्वतः जमवलेली सामग्री, आणि तिला संदर्भ लागत नाही. कुणाशी, कुठे, कधी बोललो हे पद्धतीच्या प्रकरणात सांगायचं, आणि पुढे 'शेतकरी 1', 'शेतकरी 2' म्हणायचं. काका सूचीतून गेले आणि शेतकरी 3 झाले. घरी सांगितल्यावर ते म्हणे हसले, "तिसरा का?"

नवा अहवाल आला, मी 25 पैकी 19 धरले, त्यातले ठरल्याप्रमाणे पाच वजा केले आणि 14 दिले. मग तो पुन्हा सॉफ्टवेअरमधून गेला. साम्य आलं 17 टक्के.

विभागप्रमुखांचा निरोप आला: आधीचा 11 टक्के असून परत पाठवलात आणि हा 17 असून पास कसा? मी दोन्ही प्रती घेऊन गेले. नव्या प्रतीत रंगवलेलं होतं ते जुनंच प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि प्रश्नावली, शिवाय अधिसूचनांची पूर्ण नावं, एक अवतरणचिन्हांतलं सरकारी वाक्य आणि तिची चांगली सव्वा पान भरलेली संदर्भसूची. त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं, मग पुन्हा पहिलं, आणि म्हणाले, "ती सूची वगळून चालवता येतं का हो हे सॉफ्टवेअर?"

येतं. सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. तीन वर्षं ती कुणी केलीच नव्हती.